आठव्या मजल्यावरच्या आजी आणि पाचव्या मजल्यावरच्या सिस्टर

दोन शेजारी लिफ्टमध्ये भेटतात, दोन शब्द बोलतात, आणि काही महिन्यांनी संध्याकाळी एकत्र फिरायला जाऊ लागतात. एवढ्या बीजावर लघुकथा उभी राहते का? राहते, पण ती लिहायला अवघड असते. तिच्यात खून नाही, प्रेमप्रकरण नाही, जुनं वैर नाही. एक ओळख वाढते, आणि ती वाढताना वाचकाला दिसली पाहिजे. अशा कथा वाचताना माझी नेहमी एकाच ठिकाणी निराशा होते. पहिल्या पानावर ही माणसं अनोळखी असतात, तिसऱ्या पानावर जिवाभावाची होतात, आणि मधलं पान लेखकानं लिहिलेलंच नसतं. ते मधलं पान कसं लिहायचं, हे एक कथा रचत रचतच पाहू.

जागा ठाण्याची घेऊ, नौपाड्यातली. चार मजली जुनी इमारत पाडून तिथे चौदा मजल्यांची नवी उभी राहिली आहे. पाचव्या मजल्यावर बासष्ट वर्षांच्या एक निवृत्त परिचारिका एकट्या राहतात. सरकारी रुग्णालयात त्यांची नोकरी झाली, म्हणून इमारतीत सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. आठव्या मजल्यावर मुलाकडे राहायला आलेल्या, चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक आजी आहेत. त्या वाईजवळच्या गावातल्या. नवरा गेल्यावर मुलानं घराला कुलूप लावून त्यांना इकडे आणलं. दिवस होळीच्या आसपासचे आहेत.

आता या दोघींना भेटवायचं कुठे? चाळीत हा प्रश्नच नव्हता. सामायिक गॅलरी, सामायिक नळ आणि उघडी दारं यांमुळे माणसं दिवसातून दहा वेळा समोर यायची. शेजार हा बऱ्याच अंशी इमारतीच्या रचनेचा परिणाम असतो, हे अमेरिकेत फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक या तिघांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिलं होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या एमआयटीच्या आवारात विवाहित विद्यार्थ्यांसाठी वसाहत होती. तिथे कोणाची कोणाशी मैत्री झाली, हे त्यांनी पाहिलं. शेजारच्याच दारातल्या माणसाशी मैत्री होण्याचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं, आणि दारं लांब गेली तसं ते घटत गेलं. जिन्याच्या आणि टपालपेट्यांच्या जवळ राहणाऱ्यांच्या ओळखी मात्र वरच्या मजल्यापर्यंत पोचल्या होत्या, कारण सगळ्यांची वाट त्यांच्या दारावरून जात होती. आपल्या कथेतल्या दोघींच्या दारांमध्ये तीन मजले आहेत. त्यांची वाट एकाच जागी मिळते, आणि ती जागा म्हणजे लिफ्ट. म्हणून लिफ्ट ही या कथेची पार्श्वभूमी नव्हे, तिचं कारण आहे.

लिफ्टमध्ये बोलायला वेळ किती मिळतो, हे लेखकाला माहीत असलं पाहिजे. राहत्या इमारतीतली साधी लिफ्ट सेकंदाला सुमारे एक मीटर या वेगानं चालते. मजल्याची उंची तीन मीटरच्या आसपास असते. आजी आठव्यावरून निघतात, सिस्टर पाचव्यावर आत येतात. तिथून तळापर्यंत पंधरा मीटर, आणि दार मिटण्याचा, वेग घेण्याचा, थांबण्याचा वेळ धरून वीस-बावीस सेकंद. तेवढ्यात चार-पाच छोटी वाक्यं होतात. नव्या लेखकांच्या कथेत पाचव्यापासून तळापर्यंत एक पात्र आपली अख्खी कर्मकहाणी सांगून मोकळं होतं. वाचक घड्याळ घेऊन बसलेला नसतो, पण काहीतरी खोटं वाजतंय हे त्याला बरोबर कळतं.

आणि ते वीस सेकंद सोपे नसतात. माणसामाणसांतल्या अंतराचा अभ्यास करणाऱ्या एडवर्ड हॉल यांनी १९६६ सालच्या पुस्तकात मांडलं होतं, की साधारण एका हातापेक्षा, म्हणजे दीड फुटापेक्षा कमी अंतर आपण अगदी जवळच्या माणसांसाठी राखून ठेवतो. लिफ्ट परक्या माणसाला त्या अंतरात आणून उभं करते. मग डोळे कुठे ठेवायचे? कुणी मोबाइल काढतं, कुणी वरचे बदलणारे आकडे पाहतं. आपल्या सिस्टर भिंतीवरची पट्टी वाचतात: ८ व्यक्ती, ५४४ किलो. माणशी अडुसष्ट किलोचा हिशेब. ती पट्टी त्यांनी कितीतरी वेळा वाचली आहे. पहिल्या भेटीत त्यांना तेच करू द्यावं, हसून ओळख करून द्यायला लावू नये.

पहिली भेट आता नीट पाहू, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघायचं आहे. सिस्टर पाचव्यावर बटण दाबतात. लिफ्ट येते, दार उघडतं. आत पंखा बंद आहे आणि कोपऱ्यात हातात कापडी पिशवी घेतलेल्या आजी उभ्या आहेत. बटणांच्या फळीवर एकही दिवा पेटलेला नाही. पंखा थोडा वेळ लिफ्ट हलली नाही की आपोआप बंद होतो. म्हणजे आजी बराच वेळ तशाच उभ्या आहेत.

“बटण नाही दाबलं?”

“कुणीतरी बोलावल्याबिगर हे हलत न्हाई.”

सिस्टर शून्याचं बटण दाबतात, आणि तळमजला येतो. भेट एवढीच. आजींना वाचता येतं, पेपर त्या रोज वाचतात. बाहेरचं एकुलतं एक बटणही त्यांना जमतं. पण आतल्या पंधरा बटणांचा त्यांनी धसका घेतलाय. सगळे मजले सारखे दिसतात. सुरुवातीला एकदा भलत्याच मजल्यावर उतरून त्यांनी परक्याच दाराची घंटी वाजवली होती. तेव्हापासून त्या आत शिरतात आणि कुणी लिफ्ट बोलावेल तोवर थांबतात. लिफ्ट कधी वर जाते, कधी खाली, केव्हातरी तळाला पोचते. ही सगळी माहिती लेखकाजवळ हवी, पण पहिल्या भेटीत वाचकाला द्यायची गरज नाही. न पेटलेली फळी आणि थांबलेला पंखा त्याला पुरेसा आहे.

दुसऱ्या भेटीत सिस्टरच्या हातात कढीपत्त्याची कुंडी आहे. खिडकीच्या ग्रिलमध्ये ते झाड नुसतं काड्या होऊन बसलंय, म्हणून खाली नेऊन टाकायचं ठरवलंय.

“टाकाया चाललाय व्हय? टाकू नका. त्याला आंबट...”

दार उघडतं. शिकवणीहून आलेली चार पोरं आत घुसतात आणि वाक्य तिथेच तुटतं.

तिसरी भेट दोन-तीन दिवसांनी होते. दार उघडतं, सिस्टर आत येतात, शून्य दाबतात, आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारतात, “त्याला आंबट काय?”

“ताक. पाणी घालून. पंधरा दिसांतनं एकदा.”

माझ्या मते ही कथा खऱ्या अर्थानं सुरू होते ती या प्रश्नापासून. परक्या माणसाचं तुटलेलं वाक्य सिस्टरनी दोन दिवस जपून ठेवलं होतं. कुंडी टाकली नाही, ती वर परत नेली, हे लेखकानं सांगितलेलंच नाही, तरी प्रश्नातूनच ते कळतं. आजींनाही क्षणभर शोधावं लागत नाही, त्यांचंही उत्तर तयार होतं. दोघींच्या मनात ते वाक्य एकाच जागी थांबलेलं होतं. इथे ‘त्यांच्यात एक अनामिक नातं निर्माण झालं’ असं लिहायचा मोह फार होतो. ते लिहिलं की प्रश्नाची ताकद गेली.

प्रश्न सिस्टरचा आहे, हेही महत्त्वाचं. शहरातली शिकलेली बाई गावाकडच्या भित्र्या म्हातारीला हात देते, अशी कथा फार लवकर उपकाराची होते, आणि उपकारातून शेजार होत नाही. इथे अडलेलं झाड सिस्टरचं आहे आणि उपाय आजींकडे आहे. बटण दाबायचं काम सिस्टरकडे आहे. देणंघेणं पहिल्यापासून दुतर्फा ठेवलं की पुढची मैत्री वाचकाला पटते.

या टप्प्यावर बहुतेक जण लिफ्ट बंद पाडतात. वीज जाते, दोघी अडकतात, अंधारात मन मोकळं करतात, आणि सुटका होईपर्यंत मैत्रिणी झालेल्या असतात. हे करू नये. आजच्या इमारतीत ते बहुधा घडतही नाही. नव्या लिफ्टला बॅटरीवर चालणारी यंत्रणा असते. वीज गेली की ती लिफ्टला जवळच्या मजल्यावर नेते आणि दार उघडते. शिवाय जनरेटर असतो. पण खरं कारण तांत्रिक नाही. अडकलेली माणसं बोलतात ती नाइलाजानं. आपल्याला दाखवायचंय ते नाइलाज नसताना थांबणं. दार उघडं आहे, दोघींनाही जाता येतंय, आणि तरी त्या जात नाहीत.

म्हणून लिफ्ट चालू ठेवायची आणि थांबण्याची जागा हळूहळू पुढे सरकवायची. लिफ्टचं दार उघडतं तेव्हा आजी सांगत असतात, की या दिवसांत गावाकडे हळद शिजवायची गडबड चालू असेल. वाक्य संपलेलं नाही, म्हणून दोघी टपालपेट्यांपाशी थांबतात. वाईकडची हळद जमिनीतून काढली की मोठ्या कढईत शिजवतात, मग उन्हात वाळवतात. ते सांगायला वीस सेकंद पुरत नाहीत. पुढच्या आठवड्यात बोलणं फाटकापर्यंत जातं. फाटक ही आजींची हद्द आहे. त्यापुढे रस्ता आणि रिक्षा, म्हणून त्या रोज वॉचमनच्या खुर्चीशेजारी बसतात आणि दिवेलागणीला वर जाणाऱ्या कुणाला तरी “आठचं दाबा” म्हणतात. मग एक दिवस सिस्टरना औषधाच्या दुकानात जायचं असतं आणि सांगता सांगता आजी फाटकाबाहेर त्या दुकानापर्यंत गेलेल्या असतात. आपण हद्द ओलांडली हे त्यांना परत फिरल्यावर कळतं.

लिफ्ट, टपालपेट्या, फाटक, औषधाचं दुकान: ही चार अंतरं म्हणजे कथेचं मधलं पान. प्रत्येक भेट लिहायची नाही. तीन लिफ्टभेटी पूर्ण लिहाव्यात, बाकीचे दिवस दोन-तीन ओळींत न्यावेत. काळ पुढे सरकल्याचं तारखांनी सांगू नये. कुंडीला फुटवा आलाय, पिशवीत कैऱ्या आल्यात, पोरांच्या हातात आता दप्तरं नाहीत, बॅट आहे, एवढ्यावर मराठी वाचकाला चैत्र-वैशाख कळतो.

संबोधनंही याच चालीनं बदलावीत. सुरुवातीला सिस्टर सगळ्या इमारतीसारखं ‘आजी’ म्हणतात, जरी त्यांचेही केस पांढरे आहेत. आजी त्यांना ‘बाई’ म्हणतात. औषधाच्या दुकानापर्यंत जाऊन आल्यावर ‘आजी’चं ‘मावशी’ होतं. लेखकानं त्यावर बोट ठेवायचं नाही, नुसतं होऊ द्यायचं. ‘तुम्ही’ मात्र शेवटपर्यंत राहील. त्या वयाच्या, उशिरा भेटलेल्या दोन बायका एकमेकींना ‘अगं’ म्हणू लागल्या तर ते उसनं वाटेल.

आता फिरायला जाण्याचं. सिस्टरची आयुष्यातली बरीच वर्षं रात्रपाळीत गेली. संध्याकाळी सहाला घरातून निघायची सवय पायांना लागली आहे, म्हणून निवृत्तीनंतरही त्या सहा वाजता बूट घालतात आणि तलावपाळीला जाऊन येतात. भरभर, एकट्या, कुणाशी न बोलता. एक दिवस लिफ्टमध्ये आजीच विचारतात, “मी येऊ व्हय तुमच्यासंगं?”

“मी भरभर चालते हो, मावशी.”

लिफ्ट तळाला येते. हा नकार कथेत हवाच. एकटं राहणाऱ्या माणसाची एक घडी बसलेली असते, तीत दुसऱ्याला जागा करून देणं त्याला सोपं जात नाही. सिस्टर वाईट नाहीत, त्यांना आपला एक तास जपायचा आहे. आणि आजीही रुसत नाहीत. दुसऱ्या दिवशी पाचव्यावर दार उघडतं तेव्हा सिस्टरच्या पायात बूट नाहीत, चपला आहेत. दोघी काही बोलत नाहीत. सिस्टर शून्य दाबतात.

तलावपाळी म्हणजे ठाण्याचा मासुंदा तलाव. संध्याकाळी तिथे काठानं फेऱ्या घालणारी माणसं, नावेत बसायला हटून बसलेली मुलं, भेळवाले, कणीसवाले, एका बाजूला गडकरी रंगायतन, जवळच कोपिनेश्वराचं देऊळ. लिफ्टमधून ही कथा इथे आली की तिचा श्वास बदलतो, आणि तो वाक्यांत उतरला पाहिजे. लिफ्टमधले संवाद तुटक, माहितीचे होते. इथे वेळ भरपूर आहे, आणि गंमत अशी की वेळ मिळाल्यावर दोघी कमी बोलतात. लिफ्टमध्ये गप्प राहणं जड जातं. चालताना ते जड जात नाही, पावलांचा आवाज पुरतो. दुसरं म्हणजे, लिफ्टमध्ये नजर टाळावी लागते, तर शेजारी चालणाऱ्या माणसाची नजर आपोआपच समोर असते. तोंडाकडे बघून सांगता आलं नसतं ते रस्त्याकडे बघत सांगता येतं. म्हणून अशा कथेत मनातलं बोलणं चालताना यावं, बाकावर समोरासमोर बसवून नव्हे.

पण ते किती यावं? प्रत्येकीची एक गोष्ट, बस. आजी पहिल्यांदा तळ्याच्या काठाशी थांबतात. गावाकडे त्यांच्या संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर गेल्या. त्या पाण्याकडे बघतात आणि म्हणतात, “हे पाणी कुठं जात न्हाई.” घराला लागलेलं कुलूप, नवऱ्याचं जाणं, मुलाचा संसार, यातलं काही त्या बोलत नाहीत, बोलायची गरजही नाही. सिस्टर पुढच्या एका फेरीत सांगतात, की प्रसूतिकक्षात इतकी वर्षं काढली, की या काठावर चालणाऱ्या गर्दीत त्यांच्या हातावर जन्मलेलं कुणी ना कुणी असणार, पण ओळखणार कसं. आजी त्यावर काही म्हणत नाहीत. थोड्या वेळानं समोरून येणाऱ्या एका दांडगट तरुणाकडे बोट करून विचारतात, “ह्यो?” दोघी हसतात. त्यांचं एकत्र हसणं कथेत याच एका जागी असावं.

मराठीत अशा कथेला जागा करून दिली ती नवकथेनं. १९४० नंतरच्या दशकात गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांनी कथेचा भार घटनेवरून माणसाच्या मनावर आणला, आणि श्री. पु. भागवतांच्या ‘सत्यकथे’नं ते लेखन वाचकांपर्यंत नेलं. कलाटणी देणाऱ्या शेवटावाचूनही कथा पूर्ण होते, याची सवय मराठी वाचकाला तेव्हापासून आहे. त्यामुळे ‘यात काही घडतच नाही’ या भीतीनं लेखकानं घटना कोंबू नयेत. आठव्या मजल्यावरची सून काय म्हणाली, सोसायटीत काय कुजबुज झाली, हे सगळं टाळता येतं. मुलाला मात्र एक वाक्य द्यावं. आई संध्याकाळी घरी नाही हे त्याला बऱ्याच दिवसांनी कळतं, आणि तो फक्त विचारतो, “कुणाबरोबर जातेस?”

शेवट कठीण आहे. एक दिवस आजी गेल्याचं कळतं आणि सिस्टर एकट्याच तळ्यावर जातात, हा शेवट हाताशी तयार असतो, आणि तो निवडला की आधीचं सगळं त्या मरणाची तयारी ठरतं. मुलाची बदली, गावी परत जाणं, हेही त्याच जातीचं. कथेनं पहिल्या भेटीत जे मांडलं तिथेच शेवट शोधावा. आजींनी काय सांगितलं होतं? कुणी बोलावल्याशिवाय लिफ्ट हलत नाही.

जूनचा पाऊस सुरू झालाय. संध्याकाळी आजी छत्री घेऊन आठव्यावर लिफ्टमध्ये शिरतात आणि नेहमीसारख्या थांबतात. पाचव्यावरून लिफ्ट बोलावली जात नाही. पंखा बंद होतो. वरून कुणी बोलावतं, लिफ्ट बाराव्यावर जाते, एक माणूस आत येतो, तळाला उतरून जातो. आजी आतच उभ्या राहतात. दार मिटतं. मग त्या बटणांच्या फळीजवळ जातात, आकडे वाचतात आणि पाचाचं बटण दाबतात. पाचव्यावर उतरून, दारावरची पाटी नीट वाचून घंटी वाजवतात. सिस्टरना ताप आहे. दार उघडल्यावर आजी विचारतात, “आज बोलावलं न्हाई?”

कथा इथे थांबते. त्यानंतर सिस्टर रडल्या की हसल्या, आजींनी त्यांना पेज करून घातली की नाही, हे लिहू नये. पंधरा बटणांना घाबरणारी बाई स्वतःहून एक बटण दाबते, एवढा बदल दोन-अडीच हजार शब्दांच्या कथेला पुरेसा आहे, आणि आधीची चार अंतरं नीट लिहिली असतील तर वाचकाला तो मोठा वाटतो. दिवाळी अंकासाठी या धाटणीची कथा लिहिणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे: लिफ्टमधले संवाद एकदा मोठ्यानं वाचून बघा, आणि जे वाक्य वीस सेकंदांत पुरं होत असेल त्यातलं निदान एक मुद्दाम अर्धं तोडा. दुसऱ्या पात्राला ते दोन दिवसांनी पुरं करायला लावा.